उन्हाळ्यात पलंग नीटनेटका दिसावा आणि रात्री गारही राहावा: चादर, पांघरूण, उशांचे थर कसे लावायचे? (सोलापूर)

नीरजा_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. वरच्या मजल्यावरची खोली आहे, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत तरी गरम हवा सोडत राहतो. एसी नाही, कूलर आहे. पलंग ६ × ६.५ फुटांचा, त्यावर ८ इंच जाडीची फोमची गादी. सध्या थर असे आहेत: गादीवर वॉटरप्रूफ प्रोटेक्टर, त्यावर ९०×१०० चं ग्लेस कॉटनचं बेडशीट, त्यावर शोभेला पूर्ण पसरलेली सोलापुरी चादर, पायाशी मायक्रोफायबरची रजई. चार उशा आणि दोन कुशन.

अडचणी तीन. सकाळपर्यंत बेडशीट चारही बाजूंनी निघून येतं. मध्यरात्री पाठ घामाने ओली होते. आणि पहाटे चारच्या सुमारास कूलरमुळे अंग गार पडतं, पण तेव्हा रजई नको वाटते. दिवसा पलंग हॉटेलसारखा चापूनचोपून दिसावा अशी इच्छा आहे. कुठला थर काढू, कुठला ठेवू?

धागादोरा

नीरजाताई, आधी मापाचं बघू, कारण बेडशीट निघून येण्याचं कारण तिथेच आहे.

तुमची गादी ७२ × ७८ इंच, जाडी ८. बेडशीट दोन्ही बाजूंनी गादीच्या कडेवरून खाली उतरतं तेव्हा ८ आणि ८ असे १६ इंच कडेतच जातात. म्हणजे रुंदीत ७२ + १६ = ८८. तुमचं बेडशीट ९० चं. उरले २ इंच, एकेका बाजूला १ इंच. एवढ्यात गादीखाली काहीच अडकत नाही. लांबीत ७८ + १६ = ९४, बेडशीट १००, म्हणजे एकेका टोकाला ३ इंच. तेही एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळलं की सुटणार. गादी ४ इंचांची असती तर हेच बेडशीट कसंबसं चाललं असतं. पाकिटावर 'डबल' किंवा 'किंग' काय लिहिलंय ते वाचू नका, इंच वाचा.

तुम्हाला १०८×१०८ लागेल. सुती कापड पहिल्या एकदोन धुण्यांत तीन-चार टक्के आटतं, म्हणजे १०८ चं १०४ धरून चाला. मग रुंदीत एकेका बाजूला ८ इंच आत जातात, ते भक्कम. लांबीत मात्र दोन्ही टोकांना मिळून १० च इंच उरतात. ते पाच-पाच असे वाटू नका. डोक्याकडे ७ आत घाला, पायाकडे ३. बसून टेकताना, उठताना बेडशीट डोक्याकडूनच ओढलं जातं. पायाकडे त्यावर चादरीचं वजन येणार आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

कोपरे असे करा. डोक्याकडची बाजू आधी गादीखाली सरळ ढकला. मग कोपऱ्यापासून साधारण १५ इंचांवर लोंबणारी कड धरा, उचलून गादीच्या वर आडवी टाका, म्हणजे वर एक तिरकी घडी दिसेल. खाली कोपऱ्यात जे लोंबत राहिलं ते गादीखाली घाला. आता वर टाकलेला भाग खाली सोडा, एका हाताने घडी कडेला दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने उरलेलं आत ढकला. पाकिटासारखी तिरकी रेघ कोपऱ्यावर आली पाहिजे. आधी डोक्याकडचे दोन कोपरे, मग पायाकडे जाऊन बेडशीट ताणून पायाकडचे दोन, आणि लांब बाजू सगळ्यात शेवटी. बरेच जण लांब बाजू आधी खोचतात. मग लांबीतला ताण कुठेच जात नाही आणि मधोमध आडव्या सुरकुत्या पडतात.

विजापूररोड_मधुरा

फिटेड का नाही घेत? इलॅस्टिक असतं, कोपऱ्यांची भानगडच नको.

धागादोरा

चालेल, पण खिशाची खोली बघून घ्या. ८ इंचांच्या गादीवर आणखी एखादा सुती थर आला की ८ इंच खोलीचं फिटेड कोपऱ्यावरून उडतं. १० इंच तरी हवी. शिवाय आपल्याकडच्या उन्हात वर्षभर वाळत घातलं की इलॅस्टिक सैल पडायला लागतं. सावलीत वाळवलं तर जास्त टिकतं.

अनघा_कुलकर्णी

कापडाचं मी सांगते. नीरजा, पाठ ओली होण्यात प्रोटेक्टर आणि ग्लेस कॉटन दोघांचाही हात आहे.

ग्लेस कॉटन या नावाने बाजारात जे मिळतं त्यातलं बहुतेक पॉलिएस्टरचं असतं. नाव ऐकून सुती वाटतं, एवढंच. रंग चकचकीत, सुरकुती पडत नाही, धुतल्यावर पटकन वाळतं, म्हणून लोक घेतात. पण घाम शोषत नाही. खात्री करायची असेल तर शिवणीच्या आतल्या बाजूने पाच-सहा धागे काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. सूत असेल तर जळलेल्या कागदासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळतं, आकसतं आणि काळा कडक मणी उरतो. मिश्र कापडात राखही मिळते आणि त्यात टोचणारे कडक कणही लागतात. पाण्याच्या थेंबाची परीक्षा नव्या कापडावर करू नका. नव्या सुती कापडाला खळ असते, त्यावरही थेंब थोडा वेळ उभा राहतो. एकदा धुऊन मग बघा.

सागर_होटगीरोड

मग ६०० थ्रेड काउंटचं घ्या ताई. जेवढा आकडा मोठा तेवढं कापड मऊ आणि गार. चांगल्या हॉटेलात तेच असतं.

अनघा_कुलकर्णी

सागर, मऊपणाचं काही अंशी बरोबर आहे, गारव्याचं नाही. एका इंचात धागे जास्त बसवले की त्यांच्यामधली फट कमी होते आणि हवा कमी खेळते. आणि चारशेच्या वरचे आकडे बऱ्याचदा दोन-तीन पदरी धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजून आलेले असतात. कापड त्या मानाने बारीक नसतं, नुसतं जड असतं.

आपल्या एप्रिल-मेसाठी साध्या विणीचं, १८० ते २५० च्या आसपासचं शंभर टक्के सुती बेडशीट घ्यावं. साटीन विणीचं अंगाला गुळगुळीत लागतं, पलंगावर पडतंही छान, पण ते दाट असतं आणि अंगाला चिकटून राहतं. हॉटेलात रात्रभर एसी असतो, तिथला हिशेब इथे लागू होत नाही.

साध्या विणीचा तोटा सांगायलाच हवा, सुरकुती जास्त पडते. त्यावर उपाय म्हणजे दोरीवरून किंचित दमट असतानाच काढणं, दोघांनी चार टोकं धरून झटकणं आणि घडीवर घडी जुळवून दाबून ठेवणं. संपूर्ण बेडशीटला इस्त्री करायची गरज नाही. डोक्याकडचा दीड फूट पट्टा आणि अभ्रे एवढ्यालाच करा, कारण दारातून नजर तिथेच जाते.

विजापूररोड_मधुरा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. घरात अडीच वर्षांचं मूल आहे, ते रात्री गादी ओली करतं. प्रोटेक्टर काढून कसं चालेल?

अनघा_कुलकर्णी

मधुरा, तुमच्याकडे काढू नका, लहान करा. पूर्ण गादीवर प्लास्टिकच्या अस्तराचा प्रोटेक्टर घातला की सगळ्यांचाच घाम खाली जाण्याची वाट बंद होते. मूल झोपतं तेवढ्याच जागी, साधारण २ × ३ फुटांचा रबरी कपडा घाला. त्यावर दुहेरी घडीचं जुनं सुती पातळ किंवा धोतर, आणि मग बेडशीट. मोठ्यांच्या बाजूला अस्तर येणार नाही. रबरी कपड्याची कड बेडशीटमधून वर दिसते, म्हणून सुती घडी चारही बाजूंनी चार-चार इंच मोठी ठेवा.

नीरजा, तुमच्याकडे तशी गरज नसेल तर प्रोटेक्टर उन्हाळ्यापुरता काढून ठेवा आणि त्या जागी एक पातळ, धुतलेली सुती सतरंजी घाला. दोन फायदे आहेत. घाम शोषला जातो, आणि सुती कापडावर सुती कापड घसरत नाही. प्रोटेक्टरचा वरचा पदर गुळगुळीत असतो, बेडशीट सरकण्यात त्याचाही वाटा असतो.

मंगळवेढ्याची_वाकळ

सतरंजी कशाला? फोमवर जुन्या लुगड्यांची वाकळ टाका. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाकळीवरच झोपतात. फोमची उष्णता वाकळ अडवते.

धागादोरा

वाकळ चांगलीच, पण ती उष्णता अडवते म्हणून पाठ गार राहते हे पटत नाही. फोम स्वतः गरम होत नाही. तो आपल्याच अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि अंग त्यात जितकं खोल बुडेल तितकी हवा बंद होते. वाकळीने दोन गोष्टी साधतात: घाम शोषला जातो आणि अंग फोममध्ये थोडं कमी बुडतं. पण सहा-सात थरांची जाड वाकळ घातली तर बेडशीट वरून उंचसखल दिसतं, टाक्यांच्या रेघा उमटतात. दर आठ-दहा दिवसांनी ती धुवायची म्हटलं तर ओली उचलवत नाही. न धुता ठेवली तर घामाचा वास बेडशीटला लागतो. दोन-तीन थरांची पातळ वाकळ असेल तर जरूर घाला.

मंगळवेढ्याची_वाकळ

पातळ असेल तर ती वाकळ कसली. जाडीमुळेच पाठीला आधार मिळतो. उन्हात वाळवली की वास राहत नाही, रोज धुवायची वस्तू नाहीच ती.

पूर्वभाग_माग

चादरीबद्दल लिहितो. आमच्या पूर्व भागात घरोघरी मागाशी संबंध असलेली माणसं आहेत, त्यांच्यातलाच मी एक.

नीरजाताई, सोलापुरी चादर गादीभर पसरून त्यावर झोपू नका. ती जकार्ड विणीची, दुहेरी बांध्याची असते. म्हणून तर दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते, फक्त रंग उलटसुलट होतात. दोन पदरांमध्ये हवा धरून ठेवते म्हणूनच ती पांघरायला ऊबदार. तीच गोष्ट पाठीखाली आली की उकडणार. शिवाय नक्षीचे धागे काही ठिकाणी वरवर मोकळे असतात. जोडवी, पैंजण, बांगडीचं टोक त्यात अडकलं की धागा ओढला जातो. ओढला गेला तर कात्रीने कापू नका, तिथून वीण सुटते. बोथट सुईने तो धागा हळूहळू मागे सारून बसवा.

आता ती पहाटेच्या गारठ्यासाठी कशी ठेवायची ते बघा. तुमच्याकडे सिंगल चादर आहे ना, ६०×९०? ती उभी न घालता आडवी घाला. ९० इंचांची बाजू पलंगाच्या रुंदीत आली की ७२ जाऊन १८ उरतात, म्हणजे दोन्हीकडे ९-९ इंच लोंबते. तुमची गादी ८ इंचांची आहे, तेव्हा कड झाकून एक इंच खाली येईल, आणि चादरीच्या दोन टोकांच्या किनारी पलंगाच्या दोन बाजूंना दिसतील. ६० इंचांची बाजू पलंगाच्या लांबीत. ती २०-२० इंचांच्या तीन भागांत घडी करायची.

घडी कशी करता याला महत्त्व आहे. गुंडाळी करायची नाही, नागमोडी करायची. खालचा पदर पायाच्या टोकापासून डोक्याकडे २० इंच, मग उलटा पायाकडे २० इंच, मग पुन्हा डोक्याकडे २० इंच. म्हणजे मोकळी कड सगळ्यात वर आणि डोक्याच्या दिशेला येते. पहाटे डोळे न उघडता ती कड ओढली की चादर पूर्ण ६० इंच उलगडते. ७८ इंचांच्या गादीत वरचे १८ उशीचे, म्हणजे चादर बरोबर खांद्यापर्यंत पोचते. गुंडाळी केली तर मोकळी कड आत अडकते, माणूस अर्धवट झोपेत सगळी चादरच उचलतो आणि पायाकडचं बेडशीट सुटतं.

दिवसा हाच २० इंचांचा पट्टा पायाशी शोभेसारखा दिसतो. वेगळं काही पसरायची गरज नाही.

नीरजा_जुळेसोलापूर

हे फार उपयोगी. पण दोघं जण झोपतो. एकाला चादर हवी असते, दुसऱ्याला नको असते, मग?

पूर्वभाग_माग

मग दोघांना एकेक पातळ सुती पांघरूण वेगळं द्या, ५४×९० च्या आसपासचं. मलमलीचं दुपदरी असलं तर उत्तम. पहिल्या झोपेला तेवढं पुरतं. चादर सामाईक, तिचा उपयोग पहाटेच. पांघरुणं दिवसा तिप्पट लांबट घडी करून चादरीच्या घडीखाली सरकवा, दिसणारही नाहीत. मायक्रोफायबरची रजई मार्च ते जून कपाटात.

रंगाचं एक सांगायचं राहिलं. मरून, गडद निळी चादर फिकट बेडशीटवर ठेवायची असेल तर आधी दोन-तीन वेळा एकटीच थंड पाण्यात धुवा. घामाने दमट झालेल्या जागी रंग उतरतो आणि पांढऱ्यावर बसला की जात नाही. ओला पांढरा रुमाल चादरीवर जोरात घासून बघा, रंग आला तर अजून एक धुणं.

सागर_होटगीरोड

पहिल्या धुण्यात मूठभर मीठ घातलं की रंग पक्का होतो.

पूर्वभाग_माग

मीठ रंगाईच्या वेळी लागतं, धाग्यात रंग शिरावा म्हणून. रंगून विणून झालेल्या चादरीला ते घालून रंग बांधला जात नाही. सुटा रंग धुऊन निघू देणं एवढंच आपल्या हातात आहे.

गच्चीवरचा_वारा

एवढं सगळं करण्यापेक्षा गच्चीवर झोपा की. संध्याकाळी सहा-सातला गच्चीवर पाणी मारा, फरशी कोरडी झाली की सतरंजी, त्यावर गादी. गादी कापसाचीच. अकरानंतर वारा सुटतो.

नीरजा_जुळेसोलापूर

दादा, गच्ची सोसायटीची आहे आणि प्रश्न खोलीतल्या पलंगाचा आहे. :) पण गच्चीवर पाणी मारून खालची खोली थोडी निवते, ते करतो.

बेडशीटवरच थोडं पाणी शिंपडून झोपलं तर चालेल का? एकीने सुचवलंय.

अनघा_कुलकर्णी

फोमच्या गादीवर नको. वरून वाळलं तरी आतला ओलावा राहतो, कुबट वास आणि बुरशी येते. अंगावरचं पातळ पांघरूण घट्ट पिळून घेतलं तर चालतं, तेही एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत. त्यासाठी पंखा पुरे, कूलर बंद. कूलरची हवा आधीच दमट असते, त्यात ओलं कापड वाळतच नाही आणि चिकचिक वाढते. कूलर चालू असताना समोरची खिडकी चार-सहा इंच उघडी हवीच. नाहीतर पहाटेपर्यंत बेडशीट, अभ्रे सगळंच दमट लागतं.

विजापूररोड_मधुरा

उशांचं कोणी बोललं नाही. चार उशा आणि दोन कुशन ठेवायचे कुठे?

अनघा_कुलकर्णी

दोन झोपायच्या, दोन टेकायच्या. टेकायच्या मागे उभ्या, झोपायच्या त्यांच्यासमोर आडव्या. कुशन उन्हाळ्यात एकच, तेही मधोमध, किंवा नकोच. रात्री टेकायच्या उशा खुर्चीवर गेल्या पाहिजेत. डोक्यामागे रचलेल्या राहिल्या की मानेमागची हवा अडते. पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर त्या उशा भिंतीची उष्णताही धरतात, म्हणून पलंग भिंतीपासून चार इंच तरी पुढे घ्या.

अभ्रा उशीपेक्षा लांबीत आणि रुंदीत एखाद इंच मोठा हवा. १७×२७ ची उशी असेल तर १८×२८. घट्ट अभ्र्यात उशी फुगून कोपरे गोल होतात, फार सैल असला तर मधे खड्डा दिसतो. तोंडाला आतून पट्टी असलेला अभ्रा घ्या आणि तोंड दाराच्या उलट बाजूला ठेवा. भरतकामाचे अभ्रे फक्त मागच्या दोन उशांना, गालाखाली ते टोचतात आणि गरमही होतात.

तेलाचे डाग नकोत म्हणून काही जण उशीवर टॉवेल टाकतात. सोलापुरी टॉवेल कितीही चांगला असला तरी त्याचे फासे ऊब धरतात. त्याऐवजी अभ्र्याच्या आत जुन्या धोतराची खोळ शिवा. अभ्रा तीन-चार दिवसांनी बदला, खोळ पंधरा दिवसांनी.

उशीत सावरीचा कापूस असेल तर फोमपेक्षा गार लागते. ती पाण्यात घालू नका. गोळे झाले तर खोळ उसवून कापूस हाताने मोकळा करा आणि सकाळचं ऊन द्या.

नीरजा_जुळेसोलापूर

आता ठरवलं ते असं: गादी, पातळ सतरंजी, १०८×१०८ साध्या विणीचं फिकट बेडशीट, दोन मलमली पांघरुणं, पायाशी चादरीची नागमोडी घडी, चार उशा. प्रोटेक्टर आणि रजई कपाटात. बेडशीट नवी पेठेत बघू की चाटी गल्लीत?

धागादोरा

दोन्हीकडे मिळेल. दुकानात बेडशीट उलगडून स्वतःच्या टेपने मोजा, ताग्यातून कापलेलं असेल तर इंच-दोन इंच कमी निघतं. एक मात्र बघा. सतरंजी ७२×७८ च्या आतच ठेवा, कडेवरून खाली उतरू देऊ नका. कोपऱ्यात तिची जाडी आली की पाकिटाची घडी बसत नाही.

मंगळवेढ्याची_वाकळ

वाकळीचं माझं मत कायम आहे. एक आठवडा सतरंजी, एक आठवडा वाकळ घालून बघा आणि इथे लिहा.